कारल्याचा रस, ‘एम२’ची गोळी आणि साडेआठचा घाम

प्रश्न: डॉक्टर, माझे बाबा ६७ वर्षांचे, डायबिटीस नऊ वर्षांपासून. गोळी साधीच आहे, मेटफॉर्मिनची, नावाच्या शेवटी एम२ असं काहीतरी लिहिलंय, सकाळी आणि रात्री एक-एक. पाच आठवड्यांपासून रोज सकाळी सहाला उपाशीपोटी ग्लासभर कारल्याचा रस पितात, मग गोळी घेऊन फिरायला जातात. गोडही बंद केलंय. फास्टिंग १६८ होती ती १२४ झाली, म्हणून आता गोळी सोडायची म्हणतात. पण रसाने भूक मरते, नाश्ता नऊ-साडेनऊशिवाय होत नाही. मंगळवारी साडेआठला फिरून आले तेव्हा शर्ट घामाने ओला, हात थरथरत होते, किल्ली कुलपात जाईना, आणि माझ्यावरच खेकसले. साखर घातलेला चहा दिला, वीस-पंचवीस मिनिटांनी बरे झाले. ते म्हणतात रस लागू पडतोय, अंगातलं वाईट बाहेर पडतंय. रस चालू ठेवू का? गोळी अर्धी करू का?

उत्तर:

ताई, उद्या सकाळपासून रस बंद. गोळी तुमच्या तुम्ही सोडायची नाही आणि अर्धीही करायची नाही, पण ती उपाशीपोटी घेऊन फिरायला जायचं नाही, नाश्त्याचं ताट समोर आल्यावर घ्यायची. आणि डॉक्टरांना मंगळवारचा प्रकार आजच फोन करून सांगा, पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. आता हे असं का म्हणते ते सांगते, आणि ते बाबांनाच वाचायला द्या, कारण प्रश्न तुम्ही विचारलाय पण वाद त्यांचा आहे असं मला दिसतंय.

आधी ती गोळीची स्ट्रिप हातात घ्या आणि उलटी करा. पुढे मोठ्या अक्षरात जे छापलंय ते कंपनीने दिलेलं नाव, ते आत्ता सोडून द्या. मागे बारीक अक्षरात, बऱ्याचदा चांदीच्या कागदावर निळ्या-काळ्या शाईत, आत नेमकं काय आहे ते लिहिलेलं असतं, चष्मा लावून किंवा फोनने फोटो काढून मोठं करून वाचा. माझा अंदाज आहे की तिथे दोन औषधं असतील, एक मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ आणि दुसरं ग्लिमेपिराईड २ मिग्रॅ. अशा जोडगोळ्यांच्या नावात ‘एम’ म्हणजे मेटफॉर्मिन आणि पुढचा आकडा म्हणजे ग्लिमेपिराईड किती, असं बऱ्याचदा असतं. पेशंट मात्र वर्षानुवर्षं ‘मी फक्त मेटफॉर्मिनवर आहे’ असं सांगत असतात, माझ्यासमोर बसून सांगतात आणि स्ट्रिप पिशवीतून काढली की त्यात दोन औषधं निघतात. त्यांची चूक नाही, नावच तसं असतं.

हा फरक एवढ्यासाठी महत्त्वाचा की ही दोन औषधं स्वभावाने अगदी वेगळी आहेत. मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हर रक्तात जी साखर सोडतं ती कमी करतं, ते एकटं असेल तर साखर धोकादायक खाली जाणं दुर्मिळ. ग्लिमेपिराईड थेट स्वादुपिंडाला म्हणतं इन्शुलिन सोड, आणि गंमत अशी की ते हे सांगताना रक्तात साखर किती आहे ते बघत नाही. जेवलेला माणूस असो की उपाशी, साखर २२० असो की ९०, इन्शुलिन सुटतंच. म्हणून ही गोळी जेवणाशी बांधलेली असते, पहिल्या मोठ्या खाण्याच्या जरा आधी किंवा खाण्याबरोबर. ग्लिक्लाझाईड, ग्लिपिझाईड, ग्लिबेनक्लामाईड ही त्याच घराण्यातली भावंडं, आणि इन्शुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हेच सगळं लागू.

आता मंगळवारची सकाळ घड्याळ लावून बघू. सहाला रस, मग गोळी, मग चालणं, आणि पोटात अन्न जायला नऊ उजाडणार. म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर बारा-तेरा तास काही खाल्लेलं नाही, रात्रीच्या गोळीचा अंमल अजून उतरलेला नाही कारण ग्लिमेपिराईड तासन्‌तास काम करत राहतं, त्यावर सकाळची गोळी चढली, त्यावर चालताना स्नायूंनी साखर ओढली, आणि हे सगळं भागवायला समोरून नाश्ता आलाच नाही. आणि यात कारल्याच्या गुणाचा मी अजून शब्दही काढलेला नाही, तो शून्य धरला तरी साडेआठला साखर पडायला एवढं पुरेसं आहे. रसाने काय केलं तर भूक मारली आणि नाश्ता दोन तास लांबवला. पुष्कळ जणांना कडू रसाने मळमळतं, पोटात मुरडतं, जुलाब होतात, मग खाणं अजून कमी होतं. त्यात रसात साखर उतरवण्याचा थोडाफार गुण असेलच तर तोही नेमका याच वेळेला येऊन मिळाला.

त्यामुळे शर्ट ओला होणं, हात थरथरणं, किल्ली कुलपात न जाणं आणि विनाकारण खेकसणं हे अंगातलं वाईट बाहेर पडणं नाही, हे साखर कमी झाल्याचं पुस्तकी वर्णन आहे. त्यातला घाम आणि थरथर म्हणजे शरीराने वाजवलेली धोक्याची घंटा, अॅड्रेनलिन सुटतं त्याने होतं. किल्ली आणि खेकसणं त्याच्या पुढचं, ते मेंदूला साखर कमी पडायला लागल्याचं लक्षण आहे, आणि मला घामापेक्षा त्या किल्लीची जास्त काळजी वाटली. चहाने बरं वाटलं हाही एक पुरावाच झाला. मीटरवर बघितलं असतं तर पक्कं कळलं असतं, ७० च्या खाली म्हणजे साखर कमी, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. पुढच्या वेळी (येऊ नये, पण आली तर) शक्य असेल तर बोटाला टोचून आकडा लिहून ठेवा, पण मीटर सापडेपर्यंत गोड द्यायचं थांबू नका.

इथे तुम्ही म्हणाल, फास्टिंग तर १२४ आहे, मग कमी कसली? फास्टिंग कधी मोजताय ते बघा. सकाळी उठल्या उठल्या, रसाच्या आधी, गोळीच्या आधी, चालण्याच्या आधी. म्हणजे जे काही घडतंय ते आकडा घेतल्यानंतर घडतंय. साडेआठला काय झालं ते सहाच्या आकड्यात कसं दिसणार. पुढचे आठ-दहा दिवस तीन वेळा जास्तीच्या टोचा, फिरून आल्यावर नाश्त्याआधी, दुपारच्या जेवणाआधी आणि रात्री झोपताना. रात्रीची गोळीही तीच असेल तर एक-दोन दिवस पहाटे तीनला उठून बघा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण झोपेत साखर पडली तर घामाने उशी ओली, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड, एवढंच हाती लागतं आणि कोणाला संशयही येत नाही.

आता कारल्याकडे येते, कारण मी कारल्याची शत्रू नाही. कारल्यात चॅरँटिन, व्हायसिन, पॉलिपेप्टाईड-पी असे घटक आहेत आणि प्रयोगशाळेत, प्राण्यांवर, साखर उतरल्याचं दिसलेलं आहे. तेव्हा ‘सगळी अंधश्रद्धा’ असं म्हणून मी मोकळी होणार नाही. फक्त प्रयोगशाळेतला उंदीर आणि तुमचे बाबा यांच्यात बरंच अंतर आहे. पॉलिपेप्टाईड-पी चंच बघा, याला ‘वनस्पती इन्शुलिन’ म्हणून फॉरवर्डमध्ये फार मिरवतात, पण १९८१ मध्ये त्याचा परिणाम दाखवला गेला तो कातडीखाली इंजेक्शन देऊन. ते प्रोटीन आहे, इन्शुलिनसारखंच, आणि इन्शुलिन आपण पीत का नाही तर पोटात ते पचून जातं म्हणून. मग ग्लासातून प्यायलेलं हे दुसरं प्रोटीन पोटातून धडधाकट रक्तात जाईल असं कशावरून धरायचं, हे त्या फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही.

माणसांवरचे अभ्यास झालेत, पण लहान आणि थोड्या दिवसांचे. कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, ती एकेका उपचारावरचे सगळे नीट केलेले अभ्यास एकत्र करून चाळते. कारल्यावर त्यांनी २०१२ मध्ये असा आढावा काढला तेव्हा हाती लागले चार अभ्यास, मिळून ४७९ माणसं, आणि जास्तीत जास्त तीन महिने. निष्कर्ष असा की कारल्याने टाईप २ डायबिटीसमध्ये साखर आटोक्यात येते असं म्हणण्याएवढा पुरावा नाही. थायलंडमधला २०११ चा एक अभ्यास जरा बरा दिसतो, त्यात रोज २००० मिग्रॅ कारलं घेणाऱ्यांची साखर चार आठवड्यांत थोडी उतरली, पण रोज १००० मिग्रॅ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपेक्षा कमीच, आणि त्याहून कमी कारलं घेणाऱ्यांना फरक पडला नाही. म्हणजे अगदी कारल्याच्या बाजूने बोलायचं ठरवलं तरी ‘कदाचित थोडासा परिणाम, गोळीपेक्षा कमी’ इथपर्यंतच जाता येतं.

आणि त्यात मोजून कारलं दिलेलं होतं, तुमच्या घरी मोजणार कोण? एक कारलं बोटभर, दुसरं वीतभर, एक कोवळं, एक निबर, कधी बिया काढल्या कधी राहिल्या, कधी पाणी जास्त पडलं, कधी गाळलं कधी नाही. गोळीत ग्लिमेपिराईड २ म्हणजे रोज २, सोमवारीही २ आणि गुरुवारीही २. ग्लासात आज किती आणि उद्या किती ते कोणाला ठाऊक. परिणाम झालाच तर तो कधी जास्त कधी कमी होणार, आणि ज्या माणसाच्या पोटात आधीच इन्शुलिन ढकलणारी गोळी आहे त्याला हा लहरीपणा परवडत नाही. हे आजचं नाही बरं का, १९७९ मध्ये लॅन्सेटमध्ये एका बाईची नोंद छापून आली होती, ती क्लोरप्रोपामाईड घेत होती, ग्लिमेपिराईडचंच जुनं भावंड, आणि जेवणात कारलं खायला लागल्यावर तिच्या साखरेवर गोळीच्या जोडीने कारल्याचाही परिणाम दिसला. एका बाईवरून नियम बनत नाही, पण गोळी आणि कारलं एकमेकांत मिसळू शकतात ही शंका तेव्हापासूनची आहे.

मग १६८ ची १२४ झाली ती कशाने? बाबांना हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा. पाच आठवड्यांत तीन गोष्टी एकदम सुरू झाल्या, रस, रोजचं चालणं आणि गोड बंद. श्रेय मात्र सगळं रसाला, कारण तो कडू आहे, प्यायला कष्ट पडतात आणि कष्टाचं फळ मिळालंच पाहिजे असं आपल्याला वाटतं (मला पण वाटतं). नऊ वर्षांचा डायबिटीसवाला माणूस गोड सोडतो आणि रोज सकाळी चालतो तेव्हा फास्टिंग चाळीस-पन्नासने उतरलं तर मला तरी आश्चर्य वाटत नाही. शिवाय आपण असले उपाय सुरू कधी करतो तर आकडा वाईट आला की. तो १६८ कदाचित चार दिवस झोप नाही, लग्नाचं जेवण, सर्दी-ताप अशा कुठल्यातरी वाईट दिवसाचा असेल, आणि तसा असेल तर पुढचा आकडा आपोआपच थोडा खाली आला असता. दोन सकाळच्या दोन आकड्यांवर औषध ठरवत नाहीत, त्यासाठी एचबीए१सी असते, ती साधारण गेल्या तीन महिन्यांचा हिशोब सांगते. पाच आठवड्यांत तीही अजून अर्धवटच बोलेल.

बाबांना पटत नसेल तर त्यांच्याशी वाद घालू नका, एक करार करा. दोन-तीन आठवडे फक्त रस बंद, बाकी सगळं तसंच, चालणं तेच, गोड बंद तेच, जेवणाच्या वेळा नीट, आणि रोजचे आकडे वहीत. तरीही फास्टिंग १२०-१३० च्या आसपास राहिली तर रसाला दिलेलं श्रेय त्यांच्या पायांचं होतं हे त्यांना स्वतःलाच दिसेल. चढली तर ते आकडे घेऊन डॉक्टरांसमोर बसा, मग त्यावर बोलता येईल. मी रस बंद करून बघा म्हणते, गोळी बंद करून बघा म्हणत नाही, याचं कारण साधं आहे, रस थांबवून फार तर साखर थोडी वाढेल आणि ती मीटरवर दिसेल, पण गोळी थांबवली तर नऊ वर्षांचा डायबिटीस मोकळा सुटतो आणि चढलेली साखर बरेच दिवस जाणवतही नाही. तहान आणि रात्रीची लघवी वाढेपर्यंत आकडा भलतीकडे गेलेला असतो.

आता यातला एक भाग बाबांच्या बाजूचा. ग्लिमेपिराईडचा डोस कमी होईलही. ६७ वर्षांच्या माणसाची साखर गोळीवर असताना अशी पडली, फास्टिंग १२४ आहे, चालणं सुरू झालंय, तर बरेच डॉक्टर रात्रीची ती गोळी बदलतील, किंवा २ ची १ करतील, किंवा ग्लिमेपिराईड काढून दुसरं काहीतरी देतील. म्हणजे बाबांची गोळी कमी व्हावी ही इच्छा कदाचित पूर्ण होईल, पण ती ‘रस गोळीची जागा घेतो’ म्हणून नाही, तर साखर खाली जातेय आणि चालणं चालू राहणार आहे म्हणून. हा फरक शब्दांचा नाहीये. रसाच्या भरवशावर डोस कमी केला आणि दोन महिन्यांनी कारली चांगली मिळेनात, किंवा प्रवासाला गेले, किंवा सरळ कंटाळा आला (येतो हो, रोजचा कडू ग्लास कोण वर्षभर पिणार) की खालचा आधारच निघून गेला. आणि जोडगोळी हाताने तोडून अर्धी करू नका, काही गोळ्यांत मेटफॉर्मिन हळूहळू सुटेल अशी रचना केलेली असते, तोडली की ती रचना मोडते. डोस कमी करायचा तर डॉक्टर कमी ताकदीची वेगळी गोळी लिहून देतील.

फोनवर डॉक्टरांना तीन गोष्टी न विसरता सांगा. रस घेत होते, किती आणि कधी, हे पहिलं, लाजू नका, आम्ही रागावतो हे खरं आहे पण तुम्ही न सांगितलेल्या गोष्टीचा अंदाज आम्हाला येत नाही आणि मग आम्ही साखर पडली म्हणून भलतीच कारणं शोधत बसतो. दुसरं, शेवटची क्रिएटिनिनची तपासणी कधी झाली. किडनी मंदावली असेल तर ग्लिमेपिराईडचा अंमल लांबतो आणि साखर पडली की ती परत परत पडते. तिसरं, बीपीची गोळी कोणती. तिचं नाव ‘ओलॉल’ने संपत असेल, मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल असं, तर ती धडधड आणि थरथर झाकून टाकू शकते, म्हणजे धोक्याची घंटा वाजते पण आवाज बारीक. घाम मात्र सहसा येतोच, म्हणून अशा माणसाला विनाकारण दरदरून घाम सुटला की आधी साखर बघायची.

आणि मंगळवारी दिलेला चहा. वेळेवर सुचलं ते फार बरं केलंत, पण चहा हा या कामाचा मावळा नव्हे. गरम असतो म्हणून हळू पितात, साखर एखादा चमचा असते, दुधामुळे अजून वेळ लागतो, म्हणूनच वीस-पंचवीस मिनिटं गेली. पुढच्या वेळी साधारण १५ ग्रॅम साखर एकदम पोटात गेली पाहिजे, म्हणजे चहाचे तीन चमचे भरून साखर अर्ध्या पेला पाण्यात ढवळून प्यायला द्या, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी मीटर, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. वर आली की मग लगेच नाश्ता किंवा जेवण, कारण नुसती साखर चटकन चढते आणि चटकन उतरते. चॉकलेट, बिस्किट, मिठाई यांत तूप-तेल असतं, ते नंतर, आधी नाही.

यात एक खाचखळगा आहे तो स्ट्रिप वाचताना बघून घ्या. काही जोडगोळ्यांत तिसरं औषध असतं, व्होग्लिबोज किंवा अकार्बोज. हे आतड्यात साखर फोडण्याचं काम मंदावतं, आणि आपली स्वयंपाकघरातली साखर फुटल्याशिवाय रक्तात जात नाही. म्हणजे घरातले चमच्यावर चमचे साखरपाणी देतायत आणि पेशंट तसाच घामाघूम, असं मी एकदा डोळ्यांनी बघितलंय, घरच्यांना वाटत होतं हा हार्टचा झटका आहे. अशा माणसाला ग्लुकोजच लागतं, ते आधीच फुटलेलं असतं. ग्लुकोजचा एक डबा घरात आणि एक छोटी पुडी बाबांच्या खिशात, चालायला जाताना, असं करून टाकाच, मग गोळी कुठलीही असो.

बोलता येत नसेल, गिळता येत नसेल, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, साखर नाही, पाणी नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि सरळ हॉस्पिटल. शुद्धीवर असूनही दोनदा गोड देऊन आकडा वर येत नसेल तरी हॉस्पिटलच. आणि शिरेतून ग्लुकोज दिल्यावर माणूस उठून बसला, गप्पा मारायला लागला की नातेवाईक घरी न्यायची घाई करतात, ग्लिमेपिराईडवाल्या पेशंटला अशा वेळी आम्ही ठेवून घेतो, बऱ्याचदा दिवसभर. बिल वाढवायला नाही. गोळी अजून अंगात आहे, सलाईन संपलं की चार तासांनी साखर पुन्हा पडू शकते, आणि घरी गेल्यावर ती झोपेत पडते.

आता कारलं आयुष्यातून हद्दपार का, तर नाही. जेवणात कारल्याची भाजी खुशाल खा, अन्नाबरोबर, बाकी ताट भरलेलं असताना. भाजीत कारलं रसासारखं एकवटलेलं नसतं आणि त्याबरोबर पोटात बाकीचं अन्नही जातं, त्यामुळे ती गोष्ट वेगळी. रस प्यायचाच असा हट्ट राहिला तर डॉक्टरांनी गोळीत बदल केल्यानंतर, त्यांना सांगून, नाश्त्याबरोबर, थोडा, आणि पहिले काही दिवस टोचून बघत. ज्यांना जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता आहे त्यांनी, आणि गरोदर बायकांनी, रसाच्या वाटेला जाऊ नये. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधीच बंद. लहान मुलांना ‘जंतासाठी’ वगैरे म्हणून उपाशीपोटी पाजू नका, कारल्याच्या काढ्यानंतर मुलांची साखर पडून फिट आल्याच्या नोंदी आहेत.

तर उद्या सकाळचं असं करा. बाबा उठले की बोटाला टोचा, आकडा लिहा. चालायच्या आधी थोडं काहीतरी पोटात जाऊ दे, किंवा चालणं सरळ नाश्त्यानंतर न्या, त्या वेळी तर जेवणानंतरची चढणारी साखर चालण्याने उतरते सुद्धा. गोळी नाश्त्याच्या पहिल्या घासाबरोबर. एखादे दिवशी खाणं होणारच नसेल, उलट्या होतायत, उपास आहे, तर ही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि डॉक्टरांनी स्ट्रिप बघून काय सांगितलं ते मला कळवा, त्यात माझा ग्लिमेपिराईडचा अंदाज चुकला आणि खरंच नुसतं मेटफॉर्मिन निघालं, तर मग मंगळवारच्या घामाचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल, आणि ६७ व्या वर्षी चालून आल्यावर घाम सुटला तर त्या शोधात ईसीजी पहिला येतो.